चूक सचिवाची, राजीनामा मंत्र्याचा : मुंदडा प्रकरण आणि मंत्र्यांच्या जबाबदारीचा अर्थ

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असते, एखाद्या गैरव्यवहारावर लक्षवेधी सूचना येते, सदस्य आक्रमक होतात आणि मंत्री उभे राहून सांगतात की संबंधित अधिकाऱ्याला निलंबित करण्यात येत आहे. बाके वाजतात आणि विषय तेथेच संपतो. बातमी वाचणाऱ्यालाही न्याय झाल्यासारखे वाटते, कारण चूक ज्याची त्यालाच शिक्षा मिळाली, असा त्याचा समज होतो. संसदीय पद्धतीचा मूळ नियम मात्र याच्या जवळजवळ उलट आहे. त्या नियमाप्रमाणे खात्यात जे घडले त्याचे उत्तर सभागृहाला मंत्र्याने द्यायचे असते आणि अधिकाऱ्याचे नाव तेथे येऊच नये, अशी अपेक्षा असते. हा नियम वरवर अन्यायकारक वाटतो. तो तसा का ठेवला आहे, तो कोठे मोडतो आणि मोडला की काय होते, हे १९५७-५८ च्या मुंदडा प्रकरणाइतके स्पष्टपणे भारतात क्वचितच दिसले असेल.

एकाच कराराच्या दोन बाजू

मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी संविधानात लिहिलेली आहे. केंद्रासाठी ती अनुच्छेद ७५ मध्ये आणि राज्यांसाठी अनुच्छेद १६४ मध्ये सापडते. एकेका मंत्र्याने आपल्या खात्याच्या प्रत्येक कामाबद्दल सभागृहाला उत्तर देण्याची जबाबदारी, म्हणजे वैयक्तिक जबाबदारी, मात्र अशा शब्दांत तेथे लिहिलेली नाही. ती ब्रिटिश संसदेकडून आलेली प्रथा आहे आणि प्रथा असल्यामुळेच ती पाळणाऱ्यांच्या इच्छेवर टिकून असते.

या प्रथेची दुसरी बाजू म्हणजे अधिकाऱ्यांची अनामिकता. खात्यातला अधिकारी सल्ला देतो, टिपणी लिहितो, आदेश अमलात आणतो, पण निर्णय त्याच्या नावाने ओळखला जात नाही. मंत्रालयातून निघणारा कोणताही शासन निर्णय पाहिला तर शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली उपसचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची सही असते. ती सही आदेश अधिकृत आहे एवढेच सांगते. निर्णय त्या अधिकाऱ्याचा आहे, असे ती सांगत नाही.

लग्नघरातले उदाहरण घेतले तर हे चटकन लक्षात येते. आमटी खारट झाली तर पाहुणा यजमानाकडे तक्रार करतो आणि यजमान हात जोडून ती ऐकून घेतो. तो आचाऱ्याला मांडवात बोलावून सगळ्यांसमोर उभे करत नाही. आत जाऊन तो त्याला बोलेल, त्याची मजुरी कापेल, पुढच्या कार्याला त्याला बोलावणारही नाही, पण पाहुण्यांशी नाते यजमानाचे असते आणि त्यांची माफी त्यालाच मागावी लागते. चांगल्या जेवणाची वाहवाही त्यालाच मिळते, हेही खरे.

मंत्री आणि अधिकारी यांच्यातील करार असाच आहे, पण त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. अधिकारी बोलू शकत नाही. सेवा वर्तणूक नियम त्याला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. सभागृहात त्याला जागा नसते आणि पत्रकार परिषद घेऊन बाजू मांडण्याची मुभाही नसते. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर जाहीर दोषारोप करू नये, हा या अनामिकतेमागचा सरळ न्याय आहे. शिवाय आज एका पक्षाच्या मंत्र्याला मोकळेपणाने सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याने उद्या दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्यालाही तितक्याच मोकळेपणाने सल्ला द्यायचा असतो. त्याचे नाव एखाद्या वादग्रस्त धोरणाला चिकटले की हे अशक्य होऊन बसते.

सव्वा कोटींचे शेअर

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. महामंडळाचे मुख्यालय मुंबईत होते आणि लाखो विमाधारकांचा पैसा त्याच्या हाती होता. त्याला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योजकाशी संबंधित असलेल्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंदडा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला या व्यवहाराबद्दल आधी विचारलेही गेले नाही. काही शेअरसाठी तर बाजारभावापेक्षा जास्त किंमत मोजली गेली. कलकत्त्याचा शेअर बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, असे नंतर समर्थन देण्यात आले, पण बाजार सावरायचा असेल तर खरेदी बाजारात करायला हवी होती आणि येथे ती थेट मुंदडांकडून झाली होती.

व्यवहाराच्या वाटाघाटींत प्रमुख व्यक्ती होते अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल. ते भारतीय मुलकी सेवेतील नामांकित अधिकारी होते आणि फाळणीच्या वेळी प्रशासनाची विभागणी करण्याचे अवघड काम त्यांनी केले होते. अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णमाचारी.

लोकसभेत प्रश्न विचारले गेले, पण सुरुवातीच्या उत्तरांनी सदस्यांचे समाधान झाले नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी कागदपत्रांच्या आधारे संपूर्ण व्यवहार सभागृहापुढे मांडला. ते स्वतः काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. आपल्याच पक्षाच्या अर्थमंत्र्याला सत्ताधारी बाकावरून इतक्या तपशिलाने जाब विचारला जाण्याचा तो प्रसंग होता. मंत्र्याची सभागृहाला असलेली जबाबदारी कागदावरून प्रत्यक्षात येण्यासाठी असा सदस्य लागतोच. नुसती प्रथा आपोआप काम करत नाही.

मुंबईतील जाहीर सुनावणी

सरकारने जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमला. छागलांनी सुनावणी मुंबईत आणि जाहीरपणे घेतली. ऐकायला इतकी गर्दी झाली की बाहेरच्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. महामंडळाचे अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थसचिव आणि स्वतः अर्थमंत्री यांच्या साक्षी झाल्या. महिनाभरातच, १० फेब्रुवारीला, अहवाल सादर झाला. आजच्या चौकशी आयोगांना मिळणाऱ्या मुदतवाढी पाहता तो वेग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सुनावणीतील मध्यवर्ती पेच असा होता की मंत्री आणि सचिव यांची कथने एकमेकांशी जुळत नव्हती. या व्यवहाराला मंत्र्यांची संमती होती, असे पटेल यांचे म्हणणे होते. आपण तशी मंजुरी दिली नव्हती, असे कृष्णमाचारी यांचे म्हणणे होते. दोघेही जबाबदार पदावर होते, दोघेही साक्ष देत होते आणि दोघांपैकी कोणाचे खरे मानावे हे ठरवण्यासाठी मंत्र्याचा एकही लेखी आदेश उपलब्ध नव्हता. सगळे बोलण्यात झाले होते.

हे तोंडी कामकाज नुसता ढिलेपणा नव्हता. आयुर्विमा महामंडळ कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सार्वजनिक हिताशी संबंधित धोरणाबाबत केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते, पण ते लेखी असले पाहिजेत. कायदा करणाऱ्यांनी ही अट विचारपूर्वक घातली होती, कारण लेखी निर्देश दिला की तो कोणी दिला हे ठरते आणि त्याचे उत्तर संसदेत कोणी द्यायचे हेही त्याच क्षणी ठरते. मुंदडा व्यवहारात सरकारचा प्रभाव महामंडळापर्यंत पोहोचला, पण त्याचा कागद पोहोचला नाही. त्यामुळे महामंडळाचे अधिकारी सचिवाकडे, सचिव मंत्र्याकडे आणि मंत्री पुन्हा सचिवाकडे बोट दाखवू शकले.

अनामिकतेचा पडदा फाटला तो येथे. मंत्र्याने सचिवाच्या कृतीपासून अंतर राखले की सचिवाला स्वतःच्या बचावासाठी मंत्र्याशी झालेले संभाषण उघड करण्यावाचून पर्याय राहत नाही. एकदा ते उघड झाले की पुढचा कोणताही मंत्री सचिवाशी मोकळेपणाने बोलणार नाही आणि पुढचा कोणताही सचिव मंत्र्यासाठी जोखीम पत्करणार नाही.

छागलांनी उत्तर कसे काढले

कोण खरे बोलतो आहे या प्रश्नाभोवतीच छागला अडकले असते तर निष्कर्ष कायम वादग्रस्त राहिला असता. त्यांनी संविधानाच्या अंगाने अधिक पक्की वाट घेतली. सचिवाने जे केले त्याची जबाबदारी मंत्र्याचीच आहे, मंत्र्याला हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या आडोशाला उभे राहता येणार नाही आणि त्यांच्या कृतीही नाकारता येणार नाहीत, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता. म्हणजे मंत्र्याला माहीत होते की नाही, हा प्रश्न दोष ठरवण्यासाठी महत्त्वाचा असला तरी उत्तरदायित्व ठरवण्यासाठी तो निर्णायक नाही.

आयोगाने पुढील काळासाठी काही तत्त्वेही सांगितली. त्यांतील दोन मला या विषयाचा गाभा वाटतात. सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कारभारात हस्तक्षेप करू नये आणि करायचाच असेल तर लेखी निर्देश देण्याची जबाबदारी टाळू नये, हे पहिले. संसदेला अवघड गोष्टी बाहेरून कळण्याआधी मंत्र्यानेच लवकरात लवकर तिला विश्वासात घ्यावे, हे दुसरे. या दोन्ही तत्त्वांमध्ये राजीनाम्याचा उल्लेखही नाही, याकडे लक्ष द्यावे. जबाबदारीचा रोजचा अर्थ खरी माहिती देणे, कारणे सांगणे आणि बिघडलेले दुरुस्त करणे एवढा आहे. राजीनामा ही त्याची शेवटची पायरी आहे आणि बहुतेक प्रकरणांत तिथपर्यंत जाण्याची गरजही नसते.

येथे मात्र ती वेळ आली. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये पद सोडले. नेहरूंना ते मनातून रुचले नव्हते आणि आपल्या सहकाऱ्याच्या सचोटीवर विश्वास असल्याचे त्यांनी लपवलेही नाही, पण राजीनामा स्वीकारला गेला. महिनाअखेरीस अर्थसंकल्प नेहरूंनी स्वतः मांडला.

मंत्र्याला सगळे कसे माहीत असणार?

या नियमावरचा हा सर्वांत जुना आणि रास्त आक्षेप आहे. हजारो कर्मचारी असलेल्या खात्यातील प्रत्येक कागद मंत्री वाचू शकत नाही. तालुक्यातल्या एखाद्या लिपिकाने दाखला अडवला म्हणून मंत्र्याने घरी जावे, असे कोणीही म्हणत नाही.

यावरचे सर्वांत नेमके उत्तर ब्रिटनमध्ये १९५४ साली दिले गेले. डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाउन येथील ७२५ एकर जमीन हवाई दलाच्या बाँबफेकीच्या सरावासाठी युद्धापूर्वी घेतली होती. गरज संपल्यावर ती मूळ मालकांच्या कुटुंबाला परत देण्याऐवजी कृषी खात्याने आपल्याकडे ठेवली. चौकशीत अधिकाऱ्यांवर नावानिशी ठपका आला आणि कृषिमंत्री सर थॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. त्यावरील चर्चेत गृहमंत्री सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी परिस्थितीनुसार फरक करून दाखवला. अधिकाऱ्याने मंत्र्याचा स्पष्ट आदेश पाळला असेल किंवा मंत्र्याच्या धोरणाप्रमाणे काम केले असेल, तर मंत्र्याने त्याला पूर्ण संरक्षण दिले पाहिजे. अधिकाऱ्याने किरकोळ चूक किंवा दिरंगाई केली असेल, तर मंत्र्याने ती आपली म्हणून स्वीकारावी, दुरुस्त करावी आणि त्या अधिकाऱ्याला लोकांपुढे उघडे पाडू नये. अधिकाऱ्याने मंत्र्याला अंधारात ठेवून निंदनीय कृत्य केले असेल, तर मंत्र्याने त्याचे समर्थन करण्याची गरज नाही. तरीही असे घडले कसे आणि आता काय केले, याचे उत्तर सभागृहाला मंत्रीच देईल.

शेवटची स्थिती सर्वांत महत्त्वाची आहे. तेथे दोष अधिकाऱ्याचा आणि उत्तर मंत्र्याचे, असे दोन वेगळे धागे स्पष्ट दिसतात. ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य पहिल्या धाग्यापुरते खरे असू शकते, दुसऱ्यातून मात्र ते सुटका देत नाही. सभागृहात कोणीच उत्तर देणारा उरला नाही तर लोकप्रतिनिधींना खात्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद होईल.

मुंदडा प्रकरणाच्या जेमतेम वर्षभर आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, मद्रास राज्यातील अरियालूर येथील भीषण रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले होते. त्यांचा वैयक्तिक दोष कोणी दाखवला नव्हता. तरीही संवैधानिक औचित्यासाठी राजीनामा स्वीकारावा, असे नेहरूंनी मानले. या उदाहरणाचा उल्लेख आपल्याकडे नेहमी होतो, पण माझ्या मते जबाबदारीचा नियम समजण्यासाठी मुंदडा प्रकरण अधिक उपयोगी आहे. अपघातात मंत्री दूर असतो हे उघडच असते. खरी परीक्षा तेव्हा होते, जेव्हा मंत्री किती जवळ होता हेच वादात असते.

मग अधिकारी मोकळा सुटतो का?

नाही. अनामिकता म्हणजे शिक्षेतून सूट नव्हे. खात्यांतर्गत चौकशी, बडतर्फी, फौजदारी खटला हे सगळे मार्ग अधिकाऱ्यासाठी खुले असतात. फरक एवढाच की त्यांची प्रक्रिया वेगळी असते. अनुच्छेद ३११ प्रमाणे अधिकाऱ्याला बडतर्फ करण्याआधी त्याच्यावरील आरोप सांगून त्याला बाजू मांडण्याची रास्त संधी द्यावी लागते. म्हणूनच छागला अहवालावर थेट कारवाई न करता न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या मंडळाकडे अधिकाऱ्यांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी सोपवण्यात आली.

या कसोटीवर सभागृहात जाहीर होणारे निलंबन पाहावे. निलंबन ही मुळात शिक्षा नसते. चौकशी चालू असताना अधिकाऱ्याला कामापासून दूर ठेवण्याची ती तात्पुरती व्यवस्था असते. ते सभागृहात नाव घेऊन, चौकशी सुरू होण्याआधी जाहीर केले की दोन गोष्टी घडतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर दोषाचा शिक्का बसतो आणि खात्याने देखरेख का केली नाही, हा मंत्र्याला विचारायचा प्रश्न विचारण्याआधीच विरून जातो. दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते.

माहिती अधिकाराच्या काळात अनामिकता

माहिती अधिकार कायदा २००५ साली आला आणि नस्तीवरील टिपण्याही नागरिकाला मागता येऊ लागल्या. विधिमंडळाच्या आणि संसदेच्या लोकलेखा समितीपुढे खर्चाचा जाब द्यायला सचिवच बसतात, मंत्री नव्हे. मग अनामिकता उरलीच कोठे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

जुन्या अर्थाची, पूर्ण पडद्याआडची अनामिकता आता नाही आणि ती परत यावी, असे मलाही वाटत नाही. ती पुष्कळदा दडपशाहीला आणि लपवाछपवीला सोयीची ठरली. टिकवण्याजोगे आहे ते एवढेच : धोरणाचे राजकीय उत्तर अधिकाऱ्याकडून मागू नये आणि मंत्र्याने त्याच्या नावाची ढाल करू नये. समितीपुढे आलेला सचिव पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का, हे सांगतो. ती योजना मुळात का आणली, हे त्याला विचारायचे नसते.

अधिकाऱ्याचे खरे संरक्षण आता पडद्यात नसून कागदात आहे. अखिल भारतीय सेवांच्या वर्तणूक नियमांप्रमाणे वरिष्ठाचा निर्देश सामान्यतः लेखी असावा आणि तोंडी द्यावा लागलाच तर नंतर त्याला लेखी दुजोरा मिळावा. टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये हाच मुद्दा ठामपणे मांडला. तोंडी आदेशांवर विसंबून काम करू नये आणि असे आदेश मिळाले तर त्यांची नोंद करावी, असे न्यायालयाने सांगितले. नोंद केली नाही तर माहितीचा अधिकारही पोकळ ठरतो, हे त्यामागचे एक कारण होते.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. फोनवर आलेला ‘साहेबांचा निरोप’ नस्तीवर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होऊ शकते आणि हे तो जाणून असतो. त्यामुळे पुष्कळदा टिपणी अशी लिहिली जाते की कल्पना खालूनच आली, असे वाटावे. कार्यासनाने प्रस्ताव मांडला, उपसचिवाने पुढे पाठवला, सचिवाने शिफारस केली आणि मंत्र्याने फक्त ‘मान्य’ लिहिले, असा तो कागद दिसतो. नस्ती वाचणाऱ्याने अशा वेळी तारखा पाहाव्यात. एरवी महिनोन्महिने पडून राहणारा प्रस्ताव एका दिवसात चारही टेबलांवरून फिरला असेल, वित्त किंवा विधी विभागाचा अभिप्राय वगळला असेल, किंवा आधीच्या टिपणीत नकार असून पुढच्या टिपणीत कारण न देता होकार आला असेल, तर वरून तोंडी सूचना आल्याची शंका घ्यायला जागा आहे. मुंदडा व्यवहारातही गुंतवणूक समितीला वगळणे हीच पहिली ठळक खूण होती.

राजीनाम्याने काय साधले?

कृष्णमाचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. पटेल सरकारी सेवेतून बाहेर पडले, गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थांच्या कामात रमले, पुढे राजकारणात आले आणि १९७७ च्या जनता सरकारमध्ये अर्थमंत्री झाले. ज्या खात्याचा सचिव म्हणून त्यांना मौन बाळगावे लागले असते, त्याच खात्याच्या वतीने ते आता लोकसभेत उत्तरे देऊ लागले.

यावरून सगळे नाटकच होते, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो पटत नाही. मंत्र्याने पद सोडणे म्हणजे त्याला आजन्म अपात्र ठरवणे नव्हे. त्या क्षणी सभागृहाचा विश्वास उरलेला नाही, याची ती कबुली असते आणि तो विश्वास पुन्हा मिळवता येतो. परत येण्याची वाट खुली असते म्हणूनच राजीनामा देणे मंत्र्याला शक्य होते. ती बंद केली तर प्रत्येक मंत्री शेवटपर्यंत पदाला चिकटून राहील आणि त्यासाठी एखाद्या अधिकाऱ्याचे नाव पुढे करील. खरे अपुरे राहिले ते दुसरीकडेच. तोंडी आदेशाची सवय सुटली नाही. १९५८ मध्ये छागलांनी जे सांगितले, तेच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.